लाल दिव्याने नाही, माणसाने खाल्ली माझी बॅटरी

१२,७५० रुपये. आकडा आधीच सांगतो, कारण घरी तो सांगायला मला आठ दिवस लागले.

गणपतीला आम्ही रेल्वेने चिपळूणला गेलो. गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये अठरा दिवस उभी. परत आल्यावर चावी फिरवली, तर नुसतं टक् टक्. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने बॅटरीला मीटर लावला, 11.8 व्होल्ट आले. मग डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, हा रात्रभर लुकलुकतो ना, हाच बॅटरी पितोय. अलार्म गेलाय."

मी मान डोलावली! त्याच वेळी शेजारच्या चार गाड्यांमध्ये तसेच लाल दिवे लुकलुकत होते. सगळे शांत, दोन-एक सेकंदांनी एकदा. माझाही तसाच. तेवढं बघितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे आठवलं की अजून कपाळावर हात मारून घेतो. पण मी बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, मला अँपियरमधलं काय कळणार? आणि तो माणूस ओळखीचा होता.

नवा अलार्म ६,८०० आणि वायरिंगचे ७००. जुना डबा त्यानेच ठेवून घेतला. "नव्या" डब्याच्या वायरींना जुन्या चिकटपट्टीचा काळा डाग होता, तोही मला दिसला होता. विचारलं नाही. भिडस्तपणा, दुसरं काय!

या अलार्मचा दिवा मात्र लॉक केल्यावर भराभर लुकलुकायचा, आणि तासाभराने खाली जाऊन बघितलं तरी तसाच. दोनदा रात्री सायरन वाजला, सोसायटीत शोभा झाली. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा मेलेली. आता म्हणे, "बॅटरीच गेली." नवी बॅटरी ४,९०० ला. जुनीचे भंगारातले पैसे वजा करायचे असतात, हे मला नंतर कळलं. ती पण आठवड्यात दोनदा बसली.

शेवटी भाच्याने दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे नेलं. त्याने ३५० घेतले आणि पहिल्यांदाच कोणीतरी खरं मोजमाप केलं. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून मीटर अँपियरच्या खुंटीवर मध्ये जोडला. बॉनेट उघडंच होतं, म्हणून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला ते बंद असल्याचं भासवलं, गाडी लॉक केली आणि चाळीस मिनिटं चहा पीत बसला. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. आधी मोजलं तर आकडा उगाच मोठा दिसतो. (मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.) आकडा आला 380 मिलिअँपियर. अलार्मचा फ्यूज उपसला, तर 35. म्हणजे चोर तोच. हात लावला तर डबा कोमट. आतलं रिले सुटतच नव्हतं.

मग त्याने कागदावर हिशेब मांडला. 380 म्हणजे दिवसाला नऊ अँपियर-अवर, आणि माझी बॅटरी 35 ची. दोन-तीन दिवसांत गाडी बंद पडणारच. उलट निरोगी गाडी 35 मिलिअँपियरने अठरा दिवसांत पंधरा खाते. चार वर्षांच्या जुन्या बॅटरीला तेवढंही पुष्कळ झालं. म्हणजे मुळात काही बिघडलंच नव्हतं, रात्रभर चार्जिंगवर लावायची होती! आणि लुकलुकणारा दिवा? सरासरी एखादा मिलिअँपियर. तेवढ्यावर बॅटरी रिकामी व्हायला वर्षं लागतील.

तक्रार करायला चौकीत गेलो. "पक्कं बिल आहे?" नव्हतं, वहीच्या पानावर आकडे होते. "मग हा दिवाणी मामला." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना?" दिले, म्हणून तर आलोय! मदतवाहिनीवर अर्धा तास गाणं ऐकलं, शेवटी तिथेही बिलच मागितलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, पण कागद नसेल तर तिथे दाखवणार काय? चोराने चोरीची पावती द्यायची, अशी सगळ्यांची अपेक्षा.

तेव्हा पक्क्या बिलाशिवाय एक वायर बदलू देऊ नका. काढलेला भाग घरी आणा. आणि जो नुसते व्होल्ट बघून निदान करतो, त्याला तिथूनच परत पाठवा. व्होल्टवरून बॅटरी रिकामी आहे एवढंच कळतं, कोणी रिकामी केली ते कळत नाही.

काल त्याच कोपऱ्यावरून गेलो. एका बाईंच्या गाडीचा डॅशबोर्ड उघडून तो बसला होता. मी थांबून त्यांना विचारलं, "किती मिलिअँपियर आले, सांगितलं का यांनी?" बाई त्याच्याकडे बघायला लागल्या. तो पक्कड शोधायला दुकानात गेला.