आठ महिने वापरलेला फोटोबॉक्स: डबा चांगला, दिव्याची पट्टी मात्र काढून टाका

गणपतीच्या आठवड्यात माझ्या चौदा पर्स विकल्या गेल्या आणि त्यातल्या पाच परत आल्या. पाचही एकाच रंगाच्या, आणि कारण एकच: "रंग फोटोसारखा नाही." पर्सला एक टाका उसवलेला नव्हता. परतीच्या कुरियरचे पैसे माझ्या खात्यातून कापले गेले, वर ग्राहकांनी दोन स्टार दिले ते वेगळेच. त्या रात्री मी लालबागच्या आमच्या खोलीत परत आलेल्या पाच पर्स ओळीने मांडून मोबाईलवरच्या फोटोशी ताडून पाहिल्या. ग्राहकांचं बरोबर होतं. फोटोतली पर्स निळसर जांभळी होती आणि हातातली वांगी रंगाची, राणी झाक असलेली.

हा फोटो मी जूनमध्ये घेतलेल्या घडीच्या फोटोबॉक्समध्ये काढला होता. तोच, सव्वा फुटाचा पांढरा डबा, छताला एलईडी पट्टी आणि यूएसबीची वायर. मी 749 रुपये दिले. पहिल्या महिन्यात मी त्यावर फार खूश होते, कारण त्याआधी पलंगावर चादर टाकून फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोत चादरीच्या सुरकुत्या यायच्या. डब्यात पर्स ठेवली की मागे स्वच्छ पांढरं. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा लागतो, ते या डब्यात अर्ध्या मिनिटात जमतं. जुलैत कोणी विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

पर्स परत आल्यावर मी त्या पट्टीच्या मागे लागले. कुंकवाची डबी उघडून आधी खिडकीत ठेवली, मग डब्यात. दोन्ही वेळा मोबाईलच्या प्रो मोडमध्ये पांढरा कागद पांढरा दिसेल असं करून घेतलं आणि मगच फोटो काढला. खिडकीतलं कुंकू कुंकवासारखं लाल आलं. डब्यातलं विटकरी, मेलेलं. कागद दोन्हीकडे पांढरा आहे आणि तरी लाल मेला, म्हणजे चूक मोबाईलची नाही, उजेडातच लाल कमी आहे. स्वस्त एलईडीचा हा नेहमीचा दोष आहे. डोळ्याला उजेड पांढराशुभ्र वाटतो, पण त्यात गडद लाल जवळजवळ नसतो, आणि जे उजेडात नाही ते फोटोत आणायला कुठलंच अ‍ॅप उपयोगाचं नाही. तुमच्या पट्टीवर शंका असेल तर हा कुंकवाचा प्रयोग आधी करा, पाच मिनिटं लागतात.

बोरा बाजारात फोटोच्या सामानाचं दुकान असलेल्या काकांना मी दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणाले, "ताई, खोक्यावर सीआरआय किती लिहिलंय?" माझ्या खोक्यावर तो आकडाच नव्हता. "मग लाल, राणी, मरून विकायला हा दिवा वापरू नका. स्टीलची भांडी असती तर चाललं असतं." सीआरआय म्हणजे उजेडाखाली रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा. कापडासाठी 90 च्या खालचा दिवा घेऊ नये, 95 मिळाला तर उत्तम. पट्टीचा आणखी एक त्रास म्हणजे बटणाने उजेड कमी केला की फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. पूर्ण उजेडावर ठेवली की जातात.

मी पट्टी कापून टाकली, आणि इथे माझं डब्याबद्दलचं मत पुन्हा बदललं. पट्टीशिवायचा तो डबा खिडकीला लावला की फार कामाचा आहे. त्याची पांढरी बाजू उन्हाला मऊ करते, आणि समोरच्या बाजूला पांढरी फोम शीट उभी केली की सावली भरून निघते. फोम शीटचं आणखी एक कारण आमच्या खोलीत होतं. भिंत पिस्ता रंगाची आहे आणि तिचा हिरवा उजेड पर्सच्या डाव्या कडेवर पडायचा. मला तो दोन महिने दिसलाच नव्हता. फोटो काढताना घरातली ट्यूब बंद हवी, नाहीतर पर्सची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

एवढं करूनही निम्मा प्रश्न उरला होता. मुख्य फोटो आता बरोबर येत होता, पण विणीचा जवळून काढलेला फोटो वेगळ्याच रंगाचा. हळदी रंगाच्या पर्सचं हे सगळ्यात ठळक दिसलं. पूर्ण चौकट हळदी कापडाने भरली की मोबाईलला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो आपणहून निळं मिसळतो. म्हणजे एकाच लिस्टिंगमध्ये पहिला फोटो हळदी आणि तिसरा लिंबाच्या सालीसारखा. ग्राहकाने कुठला खरा मानायचा? आता मी बसले की आधी ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, पर्सच्या जागी ठेवते, प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा ते कार्ड करडंच दिसेपर्यंत हलवते (माझ्या खिडकीत अकराच्या सुमारास 5400 च्या आसपास येतो) आणि मग त्या बैठकीतले सगळे फोटो त्याच आकड्यावर काढते. साधा झेरॉक्सचा कागद मी सोडला, कारण त्यात निळसर चमक घातलेली असते आणि त्यावर जुळवलं की फोटो किंचित पिवळा होतो. जाऊबाईंच्या मोबाईलमध्ये प्रो मोड नाही. त्यांच्यासाठी कार्ड चौकटीच्या कोपऱ्यात ठेवून फोटो काढतो, स्नॅपसीड अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कार्डावर टेकवतो आणि शेवटी कोपरा कापतो.

उजेडाच्या बाबतीत उलटी चूकही मी केली. पांढऱ्या डब्यात मोबाईल फोटो काळपट काढतो म्हणून मी एक्सपोजर वर ढकलायचे. पार्श्वभूमी छान पांढरी व्हायची, पण राणी रंगातले धागे नाहीसे होऊन कापड प्लॅस्टिकसारखं दिसायचं. फोटो मोठा करून बघा. धागा मोजता येत नसेल तर एक्सपोजर जास्त झालं. पार्श्वभूमी नंतर अ‍ॅपमध्ये पांढरी करता येते, गेलेला धागा परत येत नाही.

आता ती वांगी पर्स. दिवा सुधारला, आकडा जुळवला, तरी ती कधी निळी कधी राणी येतच राहिली. जाऊबाई पर्स शिवतात, कापड त्यांच्या हाताखालून जातं. मी वैतागून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, ते धूपछांव खण आहे. उभा धागा निळा, आडवा राणी. साडी नेसताना पण आपण ती उजेडात फिरवूनच बघतो ना?" त्यांनी पर्स तळहातावर घेऊन खिडकीपाशी हळूच वळवली. समोरून वांगी, थोडी तिरकी केली की कडेने राणी उमटत गेला, आणि उलट बाजूला वळवली की निळा. म्हणजे या कापडाचा एक खरा रंग दाखवणारा फोटो निघूच शकत नाही. मी इतके दिवस जी चूक शोधत होते, तिच्यातला एक भाग विणीतच होता.

तिथून मी लिस्टिंग नव्याने लिहिली. आधीचं नाव होतं "सुंदर आकर्षक पारंपरिक ट्रेंडी लेडीज पर्स, गिफ्टसाठी उत्तम". मोबाईलवर शोधताना नावाचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, आणि माझ्या त्या शब्दांत पर्स कशाची, केवढी, कुठल्या रंगाची, काहीच नव्हतं. आता नाव आहे "खण कापडाची हँडपर्स, वांगी-राणी धूपछांव, 9 x 6 इंच, चेन आणि आत एक कप्पा". वर्णनाची पहिलीच ओळ अशी: "कापडाचा उभा धागा निळा आणि आडवा राणी आहे, त्यामुळे पर्स समोरून वांगी दिसते आणि तिरक्या उजेडात राणी झाक येते. फोटो 1 समोरून, फोटो 2 तिरका." पोर्टलच्या रंगाच्या रकान्यात मी आधी निळा निवडला होता, आता जांभळा निवडते. निळं शोधणाऱ्या बाईला ही पर्स दाखवण्यात अर्थ नाही, ती घेईल आणि परतच करेल.

मापासाठी एक फोटो वाढवला: पर्स हातात धरलेली, उघडी, आणि आत 6.7 इंचाचा मोबाईल अर्धा सरकवलेला. "मोबाईल बसेल का" हा प्रश्न आधी आठवड्याला दोन-तीनदा यायचा, तो फोटो टाकल्यापासून एकदाच आलाय. हा फोटो दोन पावलं मागे सरकून 2x वर काढा. जवळ जाऊन साध्या लेन्सने काढला की पर्सची पुढची कड फुगलेली दिसते आणि माप खोटं वाटतं.

बदल एकदम केले नाहीत. आधी दोन आठवडे फक्त फोटो बदलले, मग नाव आणि वर्णन. फोटो बदलल्यावर परती कमी झाल्या, वर्णन बदलल्यावर आणखी. त्यानंतर 31 पर्स गेल्या आणि दोन परत आल्या, त्यातली एक चेन अडकत होती म्हणून, ती आमचीच चूक. विक्रीही वाढली, पण ती मी फोटोंच्या खात्यात टाकत नाही, कारण मधे दिवाळी होती.

पावसाळ्यात खिडकीचं काही खरं नाही. ढग सरकला की दोन फोटोंत फरक पडतो, आणि मुसळधार दिवशी उजेडच पुरत नाही. त्यासाठी लोहार चाळीतून 90 च्या वरच्या सीआरआयचे दोन एकसारखे बल्ब आणले, डब्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून लावते. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे घ्या. हे बल्ब धरून माझा खर्च डब्याच्या दुप्पट झाला. पट्टीऐवजी आधीच चांगला दिवा दिला असता आणि डबा दोनशेने महाग विकला असता तर मी आनंदाने दिले असते. तक्रार केली तर विक्रेत्याकडून उत्तर आलं की पट्टी चालू होते ना, मग दोष नाही. मला ते अजून पटलेलं नाही.

डब्याला तीन स्टार. कापड, खण, पैठणीचे तुकडे, लाल-मरून काहीही विकत असाल तर घ्या, पण पट्टी पहिल्या दिवशीच काढा. एक रंग मला अजून जमलेला नाही, तो भडक चमकणारा राणी. हातात जितका पेटतो तितका कुठल्याच स्क्रीनवर येत नाही. त्या पर्सच्या वर्णनात मी लिहिलंय, "प्रत्यक्षात फोटोपेक्षा भडक आहे." काल एका ताईंनी विचारलं, "किती भडक?" मी त्यांना खिडकीत गुलालाच्या पुडीशेजारी ठेवलेल्या पर्सचा फोटो पाठवला. त्यांनी दोन घेतल्या.