ऑडिट रिपोर्टचा ट्रॅकर बनवताय? एका ओळीत फाइंडिंग ठेवायचं की ॲक्शन, हे आधी ठरवा

इंटर्नल ऑडिटचा रिपोर्ट आला की पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी गळ्यात पडतं की "याचा एक ट्रॅकर बनव रे". मग तो माणूस एक्सेल उघडतो, रिपोर्टमधलं टेबल कॉपी करतो, पेस्ट करतो, हेडरला पिवळा रंग देतो आणि झालं. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. नंतर कळलं की एक्सेल घ्यायचं की सॉफ्टवेअर हा प्रश्न फार पुढचा आहे, आधी ठरवायचं असतं की ट्रॅकरची एक ओळ म्हणजे नक्की काय. त्याच्या तीन पद्धती चालतात, तिन्ही मी वापरल्यात, म्हणून एकाच उदाहरणावर शेजारी शेजारी ठेवून बघू.

उदाहरण असं धरा. ऑटो पार्ट्स बनवणारी एक कंपनी, खरेदी ते पेमेंट या प्रोसेसचं ऑडिट, रिपोर्ट १० जून २०२५ ला आला. एकूण १७ ऑब्झर्वेशन्स, त्यात ४ हाय, ८ मीडियम, ५ लो. तिसरं ऑब्झर्वेशन हाय आहे: व्हेंडर मास्टरमध्ये ११ बँक खाती अशी सापडली की प्रत्येक खातं दोन दोन व्हेंडर कोडला लावलंय, शिवाय ३ युजर्सकडे व्हेंडर बनवायचे (सॅपमध्ये XK01) आणि पेमेंट रन करायचे (F110) असे दोन्ही हक्क आहेत. मॅनेजमेंटने रिस्पॉन्समध्ये एका परिच्छेदात चार गोष्टी कबूल केल्या, तीन वेगवेगळ्या डिपार्टमेंटच्या, चार वेगवेगळ्या तारखांच्या.

पहिली पद्धत: एका ओळीत एक फाइंडिंग

१७ ऑब्झर्वेशन्स, १७ ओळी. तिसरी ओळ अशी दिसते: हाय, ओनर "फायनान्स / आयटी / पर्चेस", ड्यू डेट ३० सप्टेंबर २०२५, स्टेटस ओपन. ३० सप्टेंबर का, तर चार तारखांपैकी सगळ्यात शेवटची तीच होती आणि सेलमध्ये तारीख एकच बसते.

फायदा खरा आहे, रिपोर्ट आणि ट्रॅकर नंबर टू नंबर जुळतो, ऑडिट कमिटीला दाखवायला एक पान पुरतं आणि बनवायला तासभर लागतो. पण ऑगस्टच्या मीटिंगमध्ये काय होतं बघा. त्या ११ खात्यांची तपासणी १५ जुलैपर्यंत व्हायची होती, ती झालेलीच नाही, म्हणजे पैसे चुकीच्या खात्यात जायची शक्यता जिथे सगळ्यात जास्त तेच काम लटकलंय, आणि ट्रॅकर म्हणतो "ओपन, अजून मुदत आहे". कोणी खोटं बोललेलं नाही, शेवटच्या तारखेने आधीची तारीख झाकली इतकंच. उलट सगळ्यात आधीची तारीख टाकली तर ओळ जुलैपासून लाल दिसत राहते, मग आयटीवाले भांडायला येतात की आमचं काम तर वेळेत झालंय, आम्हाला कशाला लाल.

ओनरच्या सेलमध्ये तीन डिपार्टमेंट असली की रिमाइंडर मेल तिघांना जातो आणि उत्तर कोणीच देत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी पद्धत: एका ओळीत एक ॲक्शन

आता तेच तिसरं ऑब्झर्वेशन फोडून लिहू.

| क्रमांक | काय करायचं | ओनर | ड्यू डेट |
|---|---|---|---|
| IA03-01 | ३ युजर्सचे दुहेरी हक्क काढणे | आयटी मॅनेजर | ३० जून २०२५ |
| IA03-02 | ११ खात्यांचे कॅन्सल चेक किंवा बँकेचं पत्र मागवून पडताळणी | अकाउंट्स पेएबल हेड | १५ जुलै २०२५ |
| IA03-03 | बँक डिटेल बदलताना व्हेंडरला आधीच्या नंबरवर फोन करायची एसओपी | पर्चेस हेड | ३१ जुलै २०२५ |
| IA03-04 | बँक खात्याच्या फील्डला सॅपमध्ये दुसऱ्या माणसाचं कन्फर्मेशन चालू करणे | आयटी मॅनेजर | ३० सप्टेंबर २०२५ |

आता ऑगस्टमध्ये IA03-02 एकटी लाल दिसते आणि तिच्यापुढे एकाच माणसाचं नाव असतं. फोडताना एक गोष्ट आपोआप कळते, रिस्पॉन्समध्ये ॲक्शन आहे की नुसता शब्द. "निरीक्षणाची नोंद घेतली आहे" किंवा "यापुढे काळजी घेतली जाईल" याची ओळ बनतच नाही, कारण क्रियापद कोणाचं आणि पूर्ण झालं हे कशावरून ओळखायचं, दोन्ही सापडत नाहीत. असे रिस्पॉन्स तिथल्या तिथे परत पाठवायचे, सहा महिन्यांनी पाठवले तर लोक ओळख दाखवत नाहीत.

गडबड होते ती मोजणीत. १७ ऑब्झर्वेशन्सच्या ४१ ओळी होतात, प्रत्येक ओळीला मूळ फाइंडिंगचं रेटिंग लावलं की ४ हायच्या ११ ओळी हाय होतात. कोणीतरी पिव्होट मारतं, स्लाइडवर "हाय: ११" येतं आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच, की रिपोर्टमध्ये ४ होते ते ११ कसे झाले. पुढची वीस मिनिटं त्यातच जातात. मग काही जण शक्कल लढवतात आणि ॲक्शनला वेगळं रेटिंग देतात, एसओपी लिहिणं लो, हक्क काढणं मीडियम वगैरे. हे मला अजिबात पटत नाही, रेटिंग धोक्याचं असतं, कामाचं नाही, आणि असं केलं की रिपोर्टमधलं हाय ट्रॅकरमध्ये येईपर्यंत कोणी न ठरवताच विरघळून जातं.

तिसरी पद्धत: दोन शीट, एकमेकांना जोडलेल्या

Findings शीटमध्ये १७ ओळी, रेटिंग फक्त इथेच. Actions शीटमध्ये ४१ ओळी, ओनर आणि तारखा फक्त तिथेच. फाइंडिंगचं स्टेटस हाताने लिहायचंच नाही, ते खालून वर येऊ द्यायचं. Actions मध्ये A कॉलममध्ये फाइंडिंग नंबर, F मध्ये चालू ड्यू डेट आणि G मध्ये स्टेटस धरलं तर Findings मध्ये हे दोन फॉर्म्युले पुरतात:

```
=IF(COUNTIFS(Actions!A:A,A2)=0,"No action",
 IF(COUNTIFS(Actions!A:A,A2,Actions!G:G,"<>Closed")=0,"Closed","Open"))

=MINIFS(Actions!F:F,Actions!A:A,A2,Actions!G:G,"<>Closed")
```

पहिल्यातला "No action" वाला भाग काढू नका. तो नसेल तर ज्या फाइंडिंगला एकही ॲक्शन दिलेली नाही तिची ओपन कामं शून्य येतात आणि ती थेट Closed दिसते, म्हणजे ज्याने काहीच कबूल केलं नाही तो सगळ्यात हुशार. दुसरा फॉर्म्युला उरलेल्या कामांतली सगळ्यात जवळची तारीख देतो, त्यामुळे १५ जुलै झाकली जात नाही. सगळं क्लोज झालं की तिथे शून्य येतं आणि डेट फॉरमॅटमुळे ते १९०० सालची तारीख म्हणून दिसतं, घाबरू नका. स्टेटसला ड्रॉपडाउन लावाच, कोणी Closed नंतर एक स्पेस टाकली तरी फॉर्म्युला तिला ओपनच धरतो आणि तुम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसता.

तोटा म्हणजे मेहनत. पहिल्यांदा बनवायला एक दिवस जातो, आणि ज्याला फॉर्म्युल्याची भीती वाटते त्याच्या हाती फाइल गेली की एक सॉर्ट चुकतो.

तारखांचं दुखणं तिन्ही पद्धतींत सारखंच आहे, पण भरताना सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात म्हणून जरा थांबतो. रिपोर्टमध्ये "आर्थिक वर्ष २०२५-२६ ची दुसरी तिमाही" असेल तर ३० सप्टेंबर २०२५ लिहायचं. "तात्काळ" आणि "सतत चालू" या तारखा नाहीत, ओनरकडून दिवस मागून घ्यायचा. पीडीएफमधून तारखा कॉपी केल्या आणि कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असली तर ०५/०७/२०२५ चा गुपचूप ७ मे होतो आणि १५/०७/२०२५ नुसता टेक्स्ट म्हणून पडून राहतो, कारण पंधरावा महिना नसतो. ओळखायचं कसं, तर काही तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसतात. डावीकडच्या टेक्स्ट आहेत, त्या कधीच ओव्हरड्यू होणार नाहीत, पण उजवीकडच्याही तपासा कारण चुकीच्या त्यातच लपलेल्या असतात. आयडी ३.१०, ३.११ असे देऊ नका, एक्सेल ३.१० ला ३.१ करून टाकतं.

मुदत वाढवून दिली तर मूळ तारीख पुसायची नाही, मूळ तारखेचा एक कॉलम आणि चालू तारखेचा दुसरा. एकच कॉलम असला की तीनदा पुढे ढकललेलं काम कायम वेळेत दिसतं.

क्लोज कोण करतं हेही लिहून ठेवा. IA03-02 च्या ओनरने "तपासलं, सगळं ठीक" असा मेल केला तर स्टेटस Implemented होईल, Closed नाही. ११ खात्यांचे कागद ऑडिटवाल्याने बघितले की मगच Closed. यातली काही खाती निर्दोष निघतील, एकच पार्टी दोन राज्यांत जीएसटी रजिस्टर असली की दोन कोड आणि खातं एकच असं सर्रास असतं, पण ते कारण प्रत्येक खात्यापुढे लिहिलेलं पाहिजे.

आता टूल. शेअर केलेलं एक्सेल किंवा गुगल शीट तिसऱ्या पद्धतीला छान चालतं, फक्त फाइल मेलने फिरवायची नाही, लिंक द्यायची. मायक्रोसॉफ्ट लिस्टमध्ये प्रत्येक ओळीची हिस्टरी राहते, पुरावा त्याच ओळीला जोडता येतो, रिमाइंडर लावता येतो, म्हणून दुसऱ्या पद्धतीला ते एक्सेलपेक्षा बरं. पण दोन लिस्ट जोडून खालचं स्टेटस वर चढवायला साधा फॉर्म्युला चालत नाही, कॅल्क्युलेटेड कॉलमला दुसरी लिस्ट वाचता येत नाही, त्यासाठी पॉवर ऑटोमेटचा फ्लो बांधावा लागतो आणि तो बांधणारा नोकरी सोडून गेला की कोणी हात लावत नाही. ऑडिटचं वेगळं सॉफ्टवेअर हे सगळं तयारच देतं, पण वर्षाला चार-पाच रिपोर्ट आणि शे-दीडशे ॲक्शन असतील तर मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

मग कोणी काय घ्यावं? रिपोर्ट छोटा असेल, सात-आठ ऑब्झर्वेशन्स आणि प्रत्येकाला एकच ओनर, तर पहिली पद्धत घ्या, बाकीचा पसारा कशाला. कमिटीला काही दाखवायचं नाहीये, फक्त ऑपरेशन्सवाल्यांच्या मागे लागून कामं करून घ्यायचीत, तर दुसरी, आणि रेटिंगचा कॉलम त्यात ठेवूच नका म्हणजे कोणी मोजणार नाही. लिस्टेड कंपनी असेल तर महत्त्वाच्या फाइंडिंग्सचं पुढे काय झालं यावर इंटर्नल ऑडिटरशी चर्चा करणं हे सेबीच्या नियमांतच ऑडिट कमिटीचं काम म्हणून लिहिलंय, तिथे दोन्ही आकडे लागतात, म्हणून तिसरी. कुठलीही घेतलीत तरी कोणाला पाठवायच्या आधी वेगवेगळ्या फाइंडिंग नंबरांची मोजणी एकदा रिपोर्टच्या पहिल्या पानाशी लावून बघा, ४ अधिक ८ अधिक ५ बरोबर १७ यायला हवेत, आणि १६ आले तर बहुतेक वेळा हरवलेलं ऑब्झर्वेशन पान उलटताना दोन पानांवर तुटलेल्या टेबलात सापडतं.