वर्षभर बाग शिकवणाऱ्याचे आभार: व्हॉट्सॲपवर की कागदावर?

जळगावकडच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा एखादा जुना बागायतदार नवख्याला लागवडीपासून कापणीपर्यंत सोबत करतो. मृगबाग असेल तर जून-जुलैची लागवड पुढच्या उन्हाळ्याअखेर कापणीला येते, आणि मार्गदर्शन तिथेच संपतं. शाल-श्रीफळ दिलं जातं, फोटो निघतो, पण काय शिकलो ते त्यात कुठेच येत नाही. ते लिहूनच द्यावं लागतं. कशावर लिहायचं ते नंतर बघू, कारण आधी मजकूर ठरवावा लागतो.

पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून असा उतरतो:

> आप्पा, तुमच्या मोलाच्या मार्गदर्शनामुळे बाग छान आली. भावही चांगला लागला. तुमचे उपकार विसरणार नाही.

यात खोटं काही नाही. पण हाच मजकूर खत दुकानदारालाही पाठवता येईल. शिवाय भाव आप्पांच्या हातात नव्हता. बाजार पडला असता तर त्यांचं शिकवणं वाया गेलं असतं का? म्हणून आभारातून भाव वगळावा आणि हातातली सवय कुठे बदलली ते लिहावं. आधी काय करत होतो, त्यांनी नेमकं काय सांगितलं, आता काय करतो, ही तीन वाक्यं प्रत्येक बदलाला पुरतात. दोन बदल पुष्कळ झाले. पाच-सहा घातले की हजेरीपट वाटतो.

> तीर्थस्वरूप आप्पांना शि. सा. न. वि. वि.
> पानावर तुटक पिवळे पट्टे दिसले की मी खत कमी पडलं समजून डोस वाढवायचो. तुम्ही खोडाजवळ नेऊन दाखवलंत की हा हरण्या आहे, खताने जाणार नाही, खोड मुळासकट काढ. जीव होत नव्हता, पण ३८ खोडं काढली. बांधावरचे काकडीचे वेलही काढले. आता दर चार दिवसांनी ओळीओळीने फिरतो.
> घडावर अकरा-बारा फण्या ठेवायचो. खालच्या बारीक राहायच्या आणि व्यापारी त्या बाजूला टाकायचा. तुमच्या सांगण्यावरून वरच्या आठ-नऊ ठेवल्या, खालच्या कोवळ्या असतानाच काढल्या, केळकमळही तोडलं. यंदा शेवटची फणीही भरलेली होती.
> पाणी किती सोडायचं ते मात्र अजून अंदाजानेच चालतं.

शेवटची ओळ काढू नये. काय अजून जमलं नाही हे सांगितल्यामुळेच वरचे दोन बदल खरे वाटतात. मात्र तिला जोडून 'एकदा येऊन बघाल का?' असं विचारलं तर आभाराचं पत्र कामाचा निरोप होऊन बसतं. ते आठवड्याने फोनवर विचारावं.

हरण्याची ओळ लिहिताना जपावं. हा काकडी मोझॅक विषाणूचा रोग आहे, मावा ही कीड तो पसरवते आणि वेलवर्गीय पिकं त्याला आसरा देतात. खोडं काढल्याने रोग बरा होत नाही, फक्त पुढे पसरण्याला आळा बसतो. 'तुमच्यामुळे हरण्या गेला' असं लिहिलं, तर जाणत्या माणसाला तिथेच कळतं की ऐकलं खरं, पण समजलं नाही.

आता माध्यम. व्हॉट्सॲप त्याच दिवशी पोचतं आणि भरलेल्या शेवटच्या फणीचा फोटो सोबत जातो, ही त्याची मोठी सोय. पण लांब मजकूर पडद्यावर गुंडाळला जाऊ शकतो आणि मग दाबल्यावरच पूर्ण उघडतो. सकाळच्या शुभेच्छांच्या ढिगात तो सहज निसटतो. आवाजात पाठवला तर दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. आणि गावच्या ग्रुपवर तर टाकूच नये, खाली पन्नास हात जोडलेले येतात आणि मूळ मजकूर वर सरकतो.

कागदाला दोन-चार दिवस लागतात, अक्षर चांगलं नसेल तर संकोच वाटतो. पण तो घरात राहतो, आणि आप्पा पुढच्या शिकाऊला तोच काढून दाखवू शकतात. आंतरदेशीय पत्र घेऊ नका. त्यात आत काही घालता येत नाही, फोटो राहून जातो. साधं पाकीट घ्या. वडीलधाऱ्यांना वरचा मायना चालतो. वयाने बरोबरीचा मार्गदर्शक असेल तर 'स. न. वि. वि.' पुरे, नाहीतर थट्टा वाटते.

मार्गदर्शक चाळिशीच्या आतला, फोनवरच सगळं करणारा असेल, तर व्हॉट्सॲपवर खासगीत पाठवा, दोन बदलांचे दोन वेगळे संदेश करून. वयस्कर असेल किंवा शिकवण्याची त्याला हौस असेल, तर कागद. दोन्हींत वेळ एकच: शेवटचा घड कापून आठ-दहा दिवसांच्या आत. कापणीआधी लिहिलं तर शेवटची फणी भरली की नाही हेच सांगता येणार नाही.