एका कानात गायन, दुसऱ्यात वाद्ये : काही महिने क्रॉसफीड वापरल्यानंतर

बीटल्सच्या 'प्लीज प्लीज मी' (१९६३) या अल्बमची स्टीरिओ आवृत्ती हेडफोनवर सलग ऐकणे मला फार जड जात असे. हा अल्बम दोन ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला होता. एका ट्रॅकवर मुख्यतः वाद्ये आणि दुसऱ्यावर गायन असे, आणि स्टीरिओ करताना हेच ट्रॅक जवळजवळ जसेच्या तसे डाव्या-उजव्या बाजूंना ठेवले गेले. खोलीत स्पीकरवर ते खटकत नाही, कारण डाव्या स्पीकरचा आवाज क्षणभर उशिरा का होईना, उजव्या कानालाही ऐकू येतो. त्यातले तीव्र स्वर डोक्यामुळे अडतात, खर्ज मात्र बराचसा पोहोचतो. हेडफोनवर बास गिटार केवळ डाव्या कानात घुमते, आणि अर्ध्या तासात त्या बाजूला दडे बसल्यासारखे वाटू लागते.

क्रॉसफीड हीच गळती कृत्रिमरीत्या घडवते : प्रत्येक बाजूच्या आवाजातला खालचा भाग किंचित उशिराने आणि कमी पातळीवर दुसऱ्या बाजूला मिसळते. मी एमपीव्ही प्लेअरमध्ये बीएसटूबी हा फिल्टर असा लावतो :

```
mpv --af='lavfi=[bs2b=profile=cmoy]' song.flac
```

यात `default` (४.५ डेसिबल), `cmoy` (६) आणि `jmeier` (९.५) असे तीन तयार पर्याय आहेत. मिसळलेला आवाज मूळ आवाजापेक्षा किती खाली असावा हे तो आकडा सांगतो. म्हणजे आकडा मोठा तितका परिणाम सौम्य. या अल्बमसाठी मी `cmoy` वर स्थिरावलो. `jmeier` लावूनही बास एकाच कानाला चिकटून राहतो, तर `default` मध्ये गायन आणि वाद्ये मला नको तितकी जवळ येतात.

फिल्टर चालू आहे का, हे तपासायचे तर गाण्याच्या बाजूचा कप तेवढा कानावर ठेवावा. स्वच्छ गायनामागे बास गिटार झाकल्यासारखी, पण ठळक ऐकू यायला हवी. ड्रमवर मात्र विसंबू नये, कारण स्टुडिओत तो गायकांच्या माइकमध्येही थोडा शिरलेला आहे. फिल्टर असताना-नसताना तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, नाहीतर मोठा आवाजच चांगला वाटतो.

थकवा बराच कमी झाला, हे निःसंशय. मात्र गायन समोरून आल्याचा भास होत नाही. ते डोक्यातच, फक्त कानापासून थोडे आत सरकते. मधोमध ठेवलेल्या आवाजांचा पोत किंचित बदलतो आणि ज्यांचे मिश्रण मुळातच संयत आहे अशा नव्या ध्वनिमुद्रणांत रुंदी उगाच आक्रसते, म्हणून तिथे मी फिल्टर बंद ठेवतो. बायनॉरल मुद्रणांना तो मुळीच लावू नये, कारण दोन कानांमधला फरक त्यांत आधीच टिपलेला असतो. आणि याच अल्बमची मोनो आवृत्ती हाताशी असेल, तर माझी पसंती अजूनही तिलाच आहे.