डीपी ट्रान्समीटर: रूट नक्की कुठे काढायचं?

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, त्यामुळे ती पुन्हा लिहीत नाही. आमचा लूप साधा आहे. पाण्याची लाइन, ऑरिफिस प्लेट, खाली डीपी ट्रान्समीटर, रेंज ० ते २५०० मिमी वॉटर कॉलम, त्यावर फ्लो ० ते १०० घनमीटर प्रतितास. पुढे डीसीएसमधला पीआयडी आणि कंट्रोल व्हॉल्व्ह. अचूकता, डॅम्पिंग, डिस्प्ले या बाबतीत ट्रान्समीटरबद्दल तक्रार नाही. पहिले काही महिने मी तो सगळ्यांना सुचवत होतो.

आवडण्याचं मुख्य कारण म्हणजे वर्गमूळ ट्रान्समीटरच काढायचा. प्लेटवरचा दाबातला फरक फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फ्लो निम्मा झाला की डीपी निम्मा न होता पाव होतो. म्हणजे ५० घनमीटरला डीपी २५ टक्के आणि लिनियर आउटपुट ८ मिलिअँपिअर. रूट काढलं की तेच १२ मिलिअँपिअर होतं, आणि जागेवरच्या डिस्प्लेवर ऑपरेटरला थेट घनमीटर दिसतात.

आकडा वाचायला सोपा जावा एवढ्यासाठीच रूट हवं, असं बरेच जण समजतात. खरी अडचण कंट्रोलची आहे. लिनियर सिग्नल थेट पीआयडीला दिला, तर फ्लोमधल्या त्याच बदलाला सिग्नल प्रत्येक ठिकाणी वेगळा हलतो. ३० टक्क्यांवर फ्लो एक टक्क्याने वाढला की सिग्नल सुमारे ०.६ टक्के वाढतो, ९० टक्क्यांवर तेवढ्याच बदलाला सुमारे १.८ टक्के. लूपचा गेन तिप्पट झाला! ९० ला ट्यून केलेला लूप ३० ला रेंगाळतो, ३० ला नीट बसवलेला ९० ला हंटिंग करतो. मग लोक आठवडाभर ट्यूनिंगमध्ये डोकं घालतात आणि व्हॉल्व्हच्या पोझिशनरला शिव्या देतात.

आता मूळ तक्रार. केबल ग्लँडमधून टर्मिनलच्या कप्प्यात पाणी गेलं आणि ट्रान्समीटर गेला. वॉरंटीत बदली युनिट आलं, तेही वेळेवर. मॉडेल तेच, रेंज तीच, टॅग नंबरही टाकलेला. फक्त आउटपुट लिनियर. सर्व्हिसच्या माणसाने शून्य आणि पूर्ण रेंज तपासली, दोन्ही बरोबर आली, सही घेतली आणि गेला.

दोन्ही बरोबर येणारच. शून्याचं वर्गमूळ शून्य आणि शंभर टक्क्यांचं शंभर टक्के. रूट असो, नसो, दोनदा असो, टोकाचे दोन बिंदू हलतच नाहीत. चूक मधे असते आणि मधे कुणी बघत नाही.

पुढे काय झालं ते बघा. सेटपॉइंट ६०, स्क्रीनवर ६०, ट्रेंड सरळ रेष. पण डीसीएस ज्याला ६० टक्के फ्लो समजत होतं तो ६० टक्के डीपी होता, आणि तेवढ्या डीपीला खरा फ्लो ७७.५ घनमीटर असतो. पाणी जवळपास तीस टक्के जास्त जात होतं आणि एकही अलार्म नव्हता. व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त उघडा दिसतोय आणि पुढची टाकी लवकर भरतेय, एवढंच ऑपरेटरच्या लक्षात आलं. त्याने हे बोलून दाखवलं म्हणून बरं.

सर्व्हिसवाल्यांचं फोनवर एकच पालुपद होतं, ट्रान्समीटर कॅलिब्रेशनमध्ये आहे. पाच बिंदूंचा रिपोर्टही पाठवला: २५ टक्के दाबाला ८ मिलिअँपिअर. दाब मोजण्याचं यंत्र म्हणून ते बरोबरच होतं. पण आम्ही त्यातून फ्लो मोजतो, आणि जुन्या युनिटचं कॉन्फिगरेशन नव्यात उतरवणं हे वॉरंटीच्या कामात धरलंच नव्हतं. याचा मला आजही राग आहे. हँडहेल्डवर दोन मिनिटांचं काम आहे ते.

त्यातून आणखी गोंधळ झाला. वाद मिटेना म्हणून डीसीएसच्या माणसाने त्यांच्या बाजूला रूट चालू केलं. संध्याकाळी सर्व्हिसचा दुसरा माणूस आला आणि त्याने ट्रान्समीटरमध्येही चालू केलं. आता रूट दोनदा निघत होतं. ६० च्या सेटपॉइंटला खरा फ्लो ३६ घनमीटर आणि स्क्रीनवर पुन्हा ६०, पुन्हा सरळ रेष. सकाळी ७७, रात्री ३६, आणि दोन्ही वेळा लूप शांत. टाकीची लो लेव्हल वाजली तेव्हा कळलं.

इथे माझं मत बदललं. या लूपवर आता ट्रान्समीटर लिनियर ठेवलाय आणि रूट फक्त डीसीएसमध्ये काढतो. बदली युनिट लिनियर आलं तरी फरक पडत नाही, आणि डीसीएसमधलं कॉन्फिगरेशन कुणी टूलबॅगमध्ये घालून नेत नाही. जागेवर मात्र डिस्प्ले आता डीपी दाखवतो. घनमीटरची सवय झालेले ऑपरेटर कुरकुरतात, आणि ते मला पटतं.

एक गोष्ट मात्र रूट कुठेही काढलं तरी सुटत नाही, ती म्हणजे तळाचा फ्लो. डीपीमध्ये ०.२ टक्क्याचा गोंगाट धरा. ९० टक्के फ्लोला त्याने आकडा ८९.९ ते ९०.१ एवढाच हलतो. १० टक्के फ्लोला डीपीच मुळी १ टक्का असतो, तिथे तेवढ्याच गोंगाटाने आकडा ८.९ ते ११ नाचतो. म्हणून ऑरिफिसकडून साधारण तीनास एक, फार तर चारास एक एवढीच रेंज मागावी आणि त्याखाली लो फ्लो कटऑफ लावावा.

शून्याचंही तसंच. फक्त १० मिमीचा शून्य सरकला, म्हणजे ०.४ टक्के, की बंद लाइनवर स्क्रीन ६.३ घनमीटर दाखवते आणि टोटलायझर रात्रभर न वाहिलेलं पाणी मोजत बसतो. ६० घनमीटरला तोच दोष जेमतेम ०.३ घनमीटरचा, म्हणून चालू लाइनवर तो कळत नाही. शून्य बघताना मी आधी लो बाजूचा व्हॉल्व्ह बंद करतो, मग इक्वलायझिंग उघडतो आणि हाय बाजू उघडीच ठेवतो, म्हणजे ट्रान्समीटरला लाइनचा दाब मिळतो. ट्रान्समीटर टेबलावर ठेवून घेतलेला शून्य लाइनच्या दाबाखाली तसाच राहील असं नाही. आमच्या पाण्याच्या लाइनला हा क्रम चालतो. वाफेच्या लाइनवर इक्वलायझिंग उघडं असताना हाय आणि लो दोन्ही एकदम उघडे राहिले, तर कंडेन्सेट पॉटमधलं पाणी निघून जातं आणि गरम वाफ थेट सेन्सरपर्यंत येते.

ट्रान्समीटर ठेवणार आहे. सर्व्हिस कराराचं नूतनीकरण मात्र एका अटीवर अडवलंय. बदली युनिट बसवल्यावर पंपाने ६२५ मिमी दाब द्यायचा आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ५० घनमीटर दिसल्याशिवाय सही मागायची नाही. २५ दिसलं तर रूट कुठेच नाही, ७०.७ दिसलं तर दोनदा आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.