योगराज की महायोगराज: गुग्गुळ आणि चूर्णं काही महिने घेतल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी गुडघेदुखीसाठी योगराज गुग्गुळ आणि रात्री झोपताना त्रिफळा चूर्ण घेते आहे. गुण किती आला ते आधी सांगते. त्रिफळ्याने पोट साफ राहतं, याबद्दल मला शंका नाही. सकाळी उठल्यावर गुडघे धरायचे, तेही कमी झालंय. पण त्याच काळात मी मांडीच्या स्नायूंचे व्यायामही सुरू केले, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देणार नाही. सुरुवातीला रिकाम्या पोटी गुग्गुळ घेतला की जळजळ व्हायची. जेवणानंतर घ्यायला लागले तशी ती थांबली.

खरं लिहायचंय ते शिशाबद्दल. या गोळ्या आणि चूर्णं निवडताना मी जे शिकले, ते आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात फारसं कुणी बोलत नाही. इथे घराघरांत कुणी ना कुणी झाडपाल्याचं औषध घेतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडच्या कंपन्यांच्या बाटल्या आणतं, कुणी नाटी वैद्याच्या पुड्या.

आमचे मामा खानापूर तालुक्यात राहतात. संधिवातासाठी ते एका फिरत्या वैदूकडून लालसर पूड घेत होते. कागदाच्या पुडीत, वर नाव नाही, काही नाही. काही महिन्यांनी त्यांच्या पोटात पिळवटून दुखायला लागलं. शौचाला होईना, भूक गेली, चेहरा पांढरा पडला. सोनोग्राफीत काही सापडलं नाही. आधी अल्सर समजून गोळ्या दिल्या. मग बेळगावातल्या एका डॉक्टरांनी रक्ताची काच बघून विचारलं, "मामा, गावठी औषध काही घेताय काय?" लाल पेशींवर निळे ठिपके दिसत होते. हिमोग्लोबिन खाली गेलेलं असताना असे ठिपके दिसले की शिशाचा संशय घ्यावा लागतो. रक्तातलं शिसं तपासलं तर ते डेसिलिटरला 70 मायक्रोग्रॅमच्या पुढे निघालं. जागतिक आरोग्य संघटना 5 ला पोचल्यावरच कारण शोधायला सांगते. पुडी बंद झाली, दवाखान्यात शिसं बाहेर काढणारं औषध दिलं आणि मामा सावरले. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडात बसलेलं वर्षानुवर्षं झिरपत राहतं. म्हणून आकडा खाली आला तरी रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

त्यानंतर माझ्या गुडघ्यासाठी मी वैद्यांकडे गेले ती हाच प्रश्न घेऊन. शहापूरच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात शिकलेल्या त्या बाई. त्यांनी चिठ्ठीवर "योगराज गुग्गुळ" लिहिलं आणि तोंडी सांगितलं, "ताई, महायोगराज नको हं. दुकानात देतील, पण घेऊ नका."

दुकानात नेमकं तसंच झालं. योगराज संपलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अक्का, महायोगराज घेऊन जा की, तेच आहे, जरा जास्त पावरचं." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. पण दोन्ही औषधं एक नाहीत. योगराज गुग्गुळ म्हणजे गुग्गुळ, त्रिफळा, चित्रक, पिंपळीमूळ, ओवा, विडंग अशा वनस्पती. महायोगराजमध्ये त्यांच्या जोडीला वंग, रौप्य, लोह, अभ्रक, मंडूर, रससिंदूर आणि नाग यांची भर असते. नाग म्हणजे शिसं, वंग म्हणजे कथील. रससिंदूर पारा आणि गंधकापासून करतात. तिथे शिसं चुकून शिरलेलं नसतं, औषधाच्या पाठातच सांगितलेलं असतं.

आणखी एक खोच आहे. ज्या पाठाला आज बाजारात महायोगराज म्हणतात, तो शार्ङ्गधर संहितेत नुसता योगराज गुग्गुळ म्हणूनच येतो. त्यामुळे बाटलीवरचं मोठं नाव वाचून थांबू नका. बारीक अक्षरातली घटकद्रव्यांची यादी आणि त्याखालचं ग्रंथाचं नाव वाचा. यादीत नाग, पारद, कज्जली, रससिंदूर, हिंगुळ, हरताळ, मनःशिला, सोमल यांतला एक जरी शब्द दिसला तर ते रसौषध आहे. पहिलं शिशाचं, मग चार पाऱ्याचे, शेवटचे तीन आर्सेनिकचे. "रस" या शब्दावरही जाऊ नका. कामदुधा रसात पारा नसतो, मोती, प्रवाळ, शंख, गेरू असं असतं. उलट आरोग्यवर्धिनी वटीच्या नावात रस नाही आणि तिच्यात कज्जली असते. विषारी गटातली द्रव्यं असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना इंग्रजी-हिंदीत छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर कानडी मजकूर मोठा असतो आणि ही ओळ तळाशी, घडीत गेलेली असते. ती दिसली नाही म्हणजे औषध निर्धोक, असंही धरू नका.

मी वैद्यबाईंना विचारलं, शुद्ध केलेलं भस्म चालतं म्हणतात ते काय? परंपरेत भस्माच्या परीक्षा आहेत. बोटांच्या रेषांत शिरतं का, पाण्यावर तरंगतं का, चमक गेली का. या परीक्षा भस्म किती बारीक झालं आणि धातूचं रूप किती बदललं हे सांगतात. शिसं आहे की नाही हे त्यांतून कळत नाही. शिसं हे मूलद्रव्य आहे. कितीही पुटं द्या, म्हणजे कितीही वेळा भट्टीत भाजा, त्याचं संयुग बदलेल, शिसं नाहीसं होणार नाही. रसशास्त्राबद्दल मला आदर आहे, पण कुणी रक्त न तपासता महिनोन्‌महिने नागभस्म द्यायला लागला तर मी ते घेणार नाही, घरातल्या कुणाला घेऊ देणार नाही.

आता नुसत्या वनस्पतींच्या औषधांकडे येते. यांतही शिसं येतं, पण वेगळ्या वाटेने: मातीतून, रस्त्याच्या कडेच्या धुळीतून, आणि एकाच यंत्रात आधी रसौषध आणि मग चूर्ण दळल्याने. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून घेतलेली 193 आयुर्वेदिक औषधं तपासून 2008 साली अहवाल छापला. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधांत हे प्रमाण 100 पैकी 40 च्या आसपास होतं, बाकीच्यांत 17 च्या.

आपल्याकडे वनस्पतीज औषधात शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅम. बाटली या मर्यादेत बसली की मन निवांत होतं. मी मात्र रोज किती ग्रॅम पोटात जातं ते धरून हिशोब केला. योगराजच्या माझ्या गोळ्या 500 मिलिग्रॅमच्या, रोज चार, म्हणजे 2 ग्रॅम. त्रिफळा एक चमचा, साधारण 5 ग्रॅम. दोन्ही जेमतेम मर्यादेत असतील तर गोळ्यांतून 20 आणि चूर्णातून 50, मिळून रोज 70 मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मोठ्या माणसासाठी रोजच्या अन्नातल्या शिशाचा जो आधार-आकडा धरला, तो 12.5 मायक्रोग्रॅम होता. मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी 8.8 आणि लहान मुलासाठी फक्त 2.2. म्हणजे कायद्यात बसणारं चूर्णही रोज, चमचाभर, महिनोन्‌महिने घेणाऱ्याला जड पडू शकतं. गोळीपेक्षा चूर्णाची चौकशी जास्त करायची ती यासाठी.

रसौषधाचा हिशोब याच मापाने करून बघा. 500 मिलिग्रॅमच्या गोळीत नागभस्म फक्त 1 टक्का धरलं आणि त्यात निम्मंच शिसं धरलं, तरी एका गोळीत 2500 मायक्रोग्रॅम होतात. सगळं शोषलं जात नाही हे खरं. मोठ्या माणसात त्यातला थोडाच भाग रक्तात जातो, उपाशीपोटी जास्त, लहान मुलांत त्याहून बराच जास्त. पण तेवढा थोडा भागही खूप होतो.

मग मी त्रिफळा विकणाऱ्या कंपन्यांना मेल करून माझ्या बाटलीवरच्या बॅच नंबरचा तपासणी अहवाल मागितला. एकीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने कागद पाठवला, त्यात जड धातूंच्या रकान्यात नुसतं "कम्प्लाइज". त्यावरून 1 आहे की 9 ते कसं कळणार? तिसरीच्या अहवालात आकडा होता: शिसं 1.2 पीपीएम, बॅच नंबर बाटलीशी जुळणारा, प्रयोगशाळा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा पारखणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेली. चमच्यामागे 6 मायक्रोग्रॅम. ते चूर्ण मी घेतलं आणि तेच चालू आहे. काही अहवालांत "सापडलं नाही" असं लिहितात. तेव्हा यंत्र किती खालपर्यंत मोजू शकतं तो आकडाही विचारा. 5 पीपीएमच्या खालचं न दिसणाऱ्या तपासणीत "सापडलं नाही" याला काही किंमत नाही. जुन्या बॅचचा अहवाल नव्या बाटलीला चालत नाही, कारण माल दर वेळी वेगळ्या ठिकाणाहून येतो.

आमच्या वैनी गणपत गल्लीतून अख्खे हिरडे, बेहडे, आवळकाठी आणून घरीच मिक्सरवर दळतात. दुसऱ्याच्या यंत्रातली रसौषधाची भेसळ त्याने टळते, फळ किडकं आहे का तेही दिसतं. मातीतून आलेलं शिसं मात्र तसंच राहतं, धुऊन वाळवल्याने वरची धूळ तेवढी जाते. अंदाजे घेणाऱ्यांपेक्षा हा मार्ग बरा, पण आकड्याची जागा तो घेत नाही.

सुनेला दिवस गेले तेव्हा घरातलं सगळं चूर्ण-गोळ्यांचं तिच्यापुरतं बंद केलं आणि तिच्या डॉक्टरांना यादी दिली. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि गरोदरपणात हाडातलं साठलेलंही सुटतं.

मी स्वतः रक्तातलं शिसं एकदा औषध सुरू करताना आणि एकदा काही महिन्यांनी तपासून घेतलं. नमुना शिरेतून द्यावा लागतो. बोट टोचून काढलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. पहिल्या वेळी 3 च्या आत, दुसऱ्या वेळीही तेवढाच. तो वाढला असता तर गुडघा कितीही बरा वाटला असता तरी मी थांबले असते. योगराजची सध्याची बाटली संपत आली आहे. नव्या बॅचचा अहवाल मागवलाय, तो येईपर्यंत नुसते व्यायाम चालू ठेवणार.