कवितेच्या पानाला नाव काय द्यावं: पहिली ओळ, विषय की कवी?

यशवंतांची ‘आई म्हणोनि कोणी आईस हाक मारी’ ही कविता ‘आई’ नावाने छापलेली आहे. फ. मुं. शिंदे यांची ‘आई एक नाव असतं’ हीसुद्धा ‘आई’च. माधव ज्यूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’ हवी असलेला वाचकही शोधताना ‘आई कविता’ एवढंच टाइप करतो. तुमच्या साहित्यविषयक संकेतस्थळावर या तिन्ही पानांना ‘आई’ हेच शीर्षक असेल, तर यादीत एकाखाली एक तीन ‘आई’ दिसतील आणि वाचकाला तिन्ही उघडून बघावी लागतील.

त्यामुळे विषयाचा पर्याय मी सर्वांत आधी बाजूला ठेवतो. ‘पावसाची कविता’, ‘निसर्गकविता’ ही नावं कविता गोळा करायला उपयोगी पडतात, एका कवितेची ओळख म्हणून नाहीत. शिवाय विषय ठरवतो आपण, कवी नाही. बालकवींची ‘औदुंबर’ पाहा. आठच ओळींची कविता. झरा, चार घरांचं गाव, पायवाट, काळा डोह असं करत ती शेवटच्या ओळीत जळात पाय टाकून बसलेल्या औदुंबरापाशी पोचते. तिला कोणी निसर्गाखाली टाकेल, कोणी उदासीनतेखाली. विषय विभागाच्या पाट्यांवर लिहा, शीर्षकात नको.

याच कवितेत पहिल्या ओळीची मर्यादाही दिसते. ‘ऐल तटावर पैल तटावर’ ही ओळ अनेकांना पाठ आहे, पण औदुंबर हा शब्द कवितेत अगदी शेवटी येतो. शीर्षकातलं ते झाड मनात ठेवूनच आपण झऱ्याकाठून चालत असतो. ते काढून पहिली ओळ वर चढवली, तर कवितेचाच एक भाग गळतो. म्हणून कवीने स्वतः नाव दिलं असेल तर तेच ठेवावं. यावर मी तडजोड करणार नाही.

पहिल्या ओळीबद्दल आणखी एक गैरसमज असतो, की लोकांच्या लक्षात तीच राहते. केशवसुतांच्या ‘तुतारी’ची पहिली ओळ ‘एक तुतारी द्या मज आणुनि’. पण भाषणात, निबंधात ऐकू येते ती पुढची ‘जुने जाऊ द्या मरणालागुनि’. ती कवितेच्या मजकुरात असल्याने शोधात सापडेल. शीर्षकात ‘तुतारी’ दिसलं, की हवी ती कविता हीच, हे वाचकाला कळेल.

मग पहिली ओळ कुठे लागते? जिथे कवीने नावच दिलेलं नाही तिथे. मर्ढेकरांच्या ‘कांही कविता’मध्ये कवितांना शीर्षकं नाहीत, क्रमांक आहेत. तिथे ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ हेच नाव चालतं आणि सगळे तेच म्हणतात. तुकोबांचे अभंगही तसेच. गाथेच्या आवृत्तीगणिक क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांकावर विसंबता येत नाही. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ एवढं पुरतं. मात्र ओळ मध्येच तोडू नका, अर्थ पुरा होईल तिथे थांबा. जुन्या लेखनातला अनुस्वारही मूळ छापील प्रतीत असेल तसाच ठेवा, आणि ‘पिपात मेले’ असं शोधणाऱ्यासाठी आजच्या लेखनातली ओळ पानावर खाली वेगळी द्या.

बहिणाबाईंच्या बाबतीत मी दोन्ही एकत्र करतो. त्यांच्या ओव्या तोंडीच होत्या, पुस्तक निघालं ते त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. ‘मन’ हे छापील शीर्षक एकटं फार तोकडं पडतं. ‘मन (मन वढाय वढाय)’ असं लिहिलं की प्रश्न सुटतो.

राहिलं कवीचं नाव. नुसतं ‘तुकारामांचा अभंग’ हे साडेचार हजारांच्या आसपास अभंगांना सारखंच लागू पडेल, त्यामुळे ते एकटं कधीच नको. पण जोडीला ते हवंच, नाहीतर तिन्ही ‘आई’ वेगळ्या कशा होणार? कवितेचं नाव आधी, कवी नंतर, कारण फोनच्या पडद्यावर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो. टोपणनावाचंही बघा. ‘चाफा’ लिहिणाऱ्या कवीचं नाव ‘बी’. हे एकच अक्षर शोधणारा बियाण्यांच्या दुकानात पोचेल, म्हणून तिथे नारायण मुरलीधर गुप्ते हे नावही द्यावं.

ब्राउझरच्या टॅबवर आणि शोधाच्या निकालात जे दिसतं ते आणि पानावरचं मोठं शीर्षक ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. कवीचं नाव पहिल्यात घाला. पानावर ते कवितेच्या नावाखाली वेगळ्या ओळीत येतंच:

```
<title>चाफा – बी (नारायण मुरलीधर गुप्ते)</title>
<h1>चाफा</h1>
<p>बी (नारायण मुरलीधर गुप्ते)</p>
```

‘आई’च्या तिन्ही पानांना हाच साचा लावला, की यादीत ‘आई – यशवंत’, ‘आई – फ. मुं. शिंदे’ आणि ‘प्रेमस्वरूप आई – माधव ज्यूलियन’ अशा तीन वेगळ्या नोंदी दिसतात.